सर्टिफिकेट खरं होतं, क्रँक फोर्ज्ड नव्हता

गुऱ्हाळ ऐन भरात असताना आमच्या डिझेल इंजिनचा क्रँकशाफ्ट मोडला. नवा बसवून जेमतेम चार महिने झाले होते. बिलावर 'फोर्ज्ड, ईएन १९' असं लिहिलेलं, म्हणजे ईएन १९ जातीचं पोलाद तापवून डायमध्ये दाबून घडवलेला; सोबत लॅबचं सर्टिफिकेट. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "काका, तेल कमी पडलं असेल."

तेल कमी पडलं असतं तर कनेक्टिंग रॉड जिच्यावर बसतो ती क्रँकची पिन निळी-काळी पडली असती, बेअरिंग चिकटलं असतं. इथे पिन चकचकीत होती. तुटलेल्या तोंडावर, पिन आणि तिला शाफ्टशी जोडणारा आडवा भाग, म्हणजे वेब, मिळतात त्या कोपऱ्यापासून, शिंपल्यावर असतात तशा रेघा पसरलेल्या. चीर आतल्या आत कधीपासून वाढत होती.

माझा मेहुणा फोर्जिंगच्या डाय बनवतो. तुकडा हातात घेऊन त्याने पहिलं विचारलं, "फ्लॅशची रेघ कुठंय?" दोन डायांच्या सांध्यातून बाहेर आलेली धातू छाटली की वेबच्या कडेला रेघ राहते, आणि जॉब डायमधून सुटावा म्हणून वेबच्या बाजूंना थोडा उतार असतो. माझ्या क्रँकचे वेब काटकोनात, सगळीकडे कटरच्या खुणा. पण सगळीकडून मशीन केलेल्या फोर्जिंगवरही ही रेघ उरत नाही, म्हणून आम्ही वेब उभा कापला, घासून गुळगुळीत केला आणि लॅबमध्ये गरम पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवून घेतला. (वाफ वाईट असते, घरी करू नका.)

काही वेळाने धातूचे तंतू दिसू लागले. सगळे शाफ्टच्या लांबीला समांतर, सरळ. वेबपाशी येऊन कापलेले. गोल बारमधून तासून काढलेला क्रँक होता तो.

फोर्जिंगमध्ये हे तंतू मेन जर्नलमधून, म्हणजे शाफ्ट ज्या भागावर बेअरिंगमध्ये फिरतो तिथून, वेबमध्ये वळतात आणि पुढे पिनमध्ये जातात. पिनवर दाब आला की वेब वाकतो, त्याचा ताण वेबच्या लांबीने जातो. बारमध्ये तो ताण तंतूंना आडवा पडतो. पोलादातली लांबट झालेली अशुद्धी तिथे चीर सुरू व्हायला जागा देते. लाकूड आडवं फोडण्यापेक्षा उभं फोडणं सोपं, तसंच काहीसं. लॅबने मात्र रासायनिक घटक आणि कडकपणा मोजला होता. दोन्ही बरोबरच निघणार! तंतू कुठे वळतात ते त्यात दिसतच नाही.

बारचा क्रँक टाकाऊच, असं मात्र नाही. रेसिंगच्या इंजिनात अतिशय स्वच्छ पोलादाच्या बारमधून कोरलेले क्रँक चालतात, पण त्यांचे कोपरे नीट गोलाई देऊन केलेले असतात. माझ्या क्रँकचा कोपरा जवळजवळ धारदार होता. मोडण्यात त्याचाही वाटा होताच.

फोटो घेऊन दुकानात गेलो. विक्रेता शांतपणे म्हणाला, "काका, फोर्ज्डच आहे. बार फोर्ज केलेला होता, त्यातून क्रँक काढला."