३२०० ची रॅम, २६६६ चा बोर्ड: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात दुपारी वीज गेली. परत आल्यावर मशीन सुरू केलं, तेव्हा रॅम २६६६ ऐवजी पुन्हा २१३३ च्या वेगाने धावत होती. जून महिन्यात जी लढाई मी जिंकलो असं समजत होतो, ती पुन्हा समोर उभी राहिली. म्हणून आता सगळं लिहून काढतो आहे.

माझं मशीन आय५-१०४००एफ आणि दोन स्लॉटचा एच४१० बोर्ड असं आहे. घरी लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. आठ जीबीत चाळीस पानांचा अल्बम उघडला की मशीन अडखळायचं, म्हणून दुसरी आठ जीबीची स्टिक घ्यायची ठरवली. लॅमिंग्टन रोडवर दोन पर्याय होते. हिरव्या पट्टीची साधी ३२०० साडेपंधराशेला, आणि वर धातूचं आवरण असलेली एक्सएमपी ३२००, सीएल १६ वाली, एकवीसशे पन्नासला. दोन्हीवर वेगाचा आकडा तोच, पण सीएल कमी म्हणजे दुसरीचं टायमिंग चांगलं, म्हणून सहाशे रुपये जास्त मोजले. ते सहाशे रुपये मला आजही खुपतात. या लेखाचा अर्धा भाग त्यांच्याबद्दलच आहे.

घरी येऊन स्टिक बसवली. विंडोजमध्ये `16.0 GB (7.92 GB usable)` असं दिसलं. टास्क मॅनेजरमध्ये `Hardware reserved` समोर आठ जीबीपेक्षा जास्त आकडा. म्हणजे रॅम आहे, पण वापरता येत नाही.

दुकानात फोन केला. उत्तर आलं की तुमचा बोर्ड २६६६ चा आहे, तो ३२०० ची स्टिक घेणारच नाही, बोर्ड बदला. ते मला पटलं. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, असा अर्धा दिवस घालवून स्टिक परत करायला गेलो. त्यांनी ती त्यांच्या टेस्टिंग बोर्डावर लावली. ती ३२०० वर चालली, आणि माल चांगला आहे म्हणून परत घेतला नाही. राग आला. पण परतीच्या गाडीत एक गोष्ट लक्षात आली. वेग जास्त असल्यामुळेच बोर्ड स्टिक घेत नसेल, तर विंडोजला ती सोळा जीबीच्या हिशेबात दिसलीच कशी?

इथे माझं मत पहिल्यांदा बदललं. दुकानदाराचं ते वाक्य चूक होतं, आणि ते अनेकांच्या तोंडी असतं. म्हणून याबद्दल थोडं सविस्तर.

प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर४ मध्ये ती फक्त ५१२ बाइटची. मशीन सुरू होताना बोर्ड आधी ही चिप वाचतो. तिच्या सुरुवातीच्या भागात जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार स्टिकची ओळख लिहिलेली असते: क्षमता किती, १.२ व्होल्टवर सुरक्षितपणे किती वेगाने चालेल. एक्सएमपीची, म्हणजे स्टिकच्या कंपनीने ठरवलेल्या जास्त वेगाच्या सेटिंगची, नोंद त्याच चिपमध्ये पुढे, वेगळ्या जागी असते. आपण बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करत नाही तोवर बोर्ड त्या नोंदीप्रमाणे वागत नाही. तो जेडेकचा वेग घेतो, आणि दोन स्टिक वेगवेगळ्या असतील तर दोघींना जमेल असा वेग ठरवतो. म्हणजे पहिल्या वेळी सुरू होताना ३२०० हा आकडा मैदानात उतरलेलाच नसतो. त्या आकड्यामुळे स्टिक ‘डिटेक्ट होत नाही’ असं होऊ शकत नाही.

एक्सएमपीमुळे बिघडतं तेव्हा लक्षणं निराळी असतात. एक्सएमपी चालू करून सेव्ह केल्यावर स्क्रीन काळी राहते, पंखे फिरतात, थांबतात, पुन्हा फिरतात, आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर बोर्ड आपणहून जुन्या सेटिंगवर येतो. स्टिक लावताक्षणीच अर्धी रॅम गायब असेल, तर कारण संपर्कात, स्लॉटमध्ये किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये शोधावं.

माझ्या बाबतीत सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या `SPD` टॅबमध्ये दुसऱ्या स्लॉटची स्टिक नीट दिसत होती, अगदी कंपनीच्या नावासकट. ही खूण मोलाची आहे. एसपीडी चिप वाचायला दोन-चारच पिना लागतात, पण डीडीआर४ स्टिकला पिना २८८ असतात. ओळख वाचली जाते पण जागा वापरता येत नाही, याचा अर्थ ओळखीच्या पिना जुळल्या आहेत आणि डेटाच्या किंवा पत्त्याच्या पिनांपैकी काही जुळत नाहीत.

मग दोन्ही स्टिक काढल्या आणि एकेक करून तपासल्या. नवी स्टिक एकटी पहिल्या स्लॉटमध्ये: मशीन सुरू. जुनी एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये: काळी स्क्रीन. तीन वर्षं बिनतक्रार चाललेली स्टिकही तिथे चालेना, म्हणजे दोष नव्या मालात नव्हता, स्लॉटमध्ये होता. तीन वर्षं तो रिकामा, आणि घर रस्त्यालगत. मोबाइलच्या टॉर्चने पाहिलं तर खाचेत काळपट धूळ बसलेली. वीज बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच साफ केली. पंधरा मिनिटं वाळू दिली. माझ्या बोर्डावर स्लॉटच्या एकाच टोकाला हलणारी कडी आहे. त्यामुळे वरचं टोक ‘टक्’ करून बसतं आणि खालचं अर्धवट राहिलं तरी कळत नाही. या वेळी आधी खालचं टोक दाबलं, मग वरचं. सोळाच्या सोळा जीबी मिळाल्या. खर्च शून्य, कारण अल्कोहोल घरात होतंच.

दोन आठवडे मी समाधानी होतो. अल्बम भराभर उघडत होते. तेव्हा कोणी विचारलं असतं तर स्टिकला पाचपैकी पाच दिले असते.

मग सहज पॉवरशेलमध्ये ही ओळ चालवली:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
  Format-Table DeviceLocator, Capacity, ConfiguredClockSpeed
```

`ConfiguredClockSpeed` दोन्हीसमोर २१३३. माझी जुनी स्टिक तीन वर्षं २६६६ वर चालत होती. महागड्या नव्या स्टिकने तिलाही खाली ओढलं होतं.

सीपीयू-झेडमध्ये कारण सापडलं. नव्या स्टिकच्या जेडेक तक्त्यातला सर्वांत वरचा वेग १०६६ मेगाहर्ट्झ, म्हणजे दुप्पट करून २१३३. त्याच्या शेजारी `XMP-3200` चा वेगळा रकाना, १.३५ व्होल्टचा. मधे काहीच नाही. म्हणजे ही स्टिक एक्सएमपीशिवाय ३२०० ची नाही, २६६६ चीसुद्धा नाही. ती २१३३ ची आहे. खोक्यावरचा मोठा आकडा एक्सएमपीचा. आणि एक्सएमपी हे इंटेलच्या हिशेबात ओव्हरक्लॉकिंगच. एच४१० आणि बी४६० चिपसेटवर मेमरीचं ओव्हरक्लॉकिंग नाही; दहाव्या पिढीचा आय५ असेल तर तिथे छत २६६६, आय७ किंवा आय९ असेल तर २९३३.

आता त्या नाकारलेल्या साध्या स्टिककडे बघा. तिच्यावरचे ३२०० जेडेकचे असतात, १.२ व्होल्टचे, सीएल २२. ऐकायला ढिलं वाटतं. पण एसपीडीत वेळा नॅनोसेकंदांत लिहिलेल्या असतात, आणि बोर्ड त्यातून आपल्या वेगाला लागणारी टायमिंग स्वतः काढतो. ३२०० ला सीएल २२ म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. २६६६ ला एक ठोका ०.७५ नॅनोसेकंदाचा, म्हणजे १३.७५ साठी एकोणीस ठोके लागतात. अशी स्टिक माझ्या बोर्डावर कोणी हात न लावता २६६६, सीएल १९ वर बसली असती. तंतोतंत माझ्या जुन्या स्टिकसारखी. साडेपंधराशेत.

या गोष्टीचा मला खरा त्रास झाला. स्वस्त बोर्ड असलेला माणूसच पैसे मोजून घेतो, आणि त्याच बोर्डावर महाग स्टिक जास्त मंद चालते, हे काउंटरवर कोणीतरी सांगायला हवं होतं.

तरी न्यायाने बोलायचं तर वेग कमी झाला म्हणून मशीन मंद झालं नव्हतं. एकटी २६६६ ची स्टिक सेकंदाला कमाल सुमारे २१ जीबी डेटा हलवू शकते. दोन स्टिक दोन चॅनेलवर २१३३ ने चालल्या तर सुमारे ३४. म्हणून अल्बम आधीपेक्षा भराभर उघडत होते. दोन्ही २६६६ वर आल्या तर हाच आकडा ४२ च्या वर जातो. तो मला हवा होता, कारण त्याचे पैसे मी दिले होते.

माझ्या बायॉसमध्ये एक्सएमपीचा पर्याय आहे. तो निवडला, तर बोर्डाने वेग २६६६ ला कापला पण स्टिकच्या घट्ट टायमिंग लावायचा प्रयत्न केला. जुन्या स्टिकला त्या झेपल्या नाहीत. काळी स्क्रीन, तीन प्रयत्न, पुन्हा मूळ सेटिंग. मग एक्सएमपी बंद ठेवून वेग हाताने २६६६ केला आणि जुन्या स्टिकच्या जेडेक टायमिंग, १९-१९-१९-४३, दोघींना दिल्या. व्होल्टेज १.२ च ठेवलं. मशीन सुरू झालं. पण सुरू झालं म्हणजे स्थिर झालं असं नाही. रात्रभर मेमटेस्ट८६ चे चार फेरे लावले, सकाळी चूक शून्य. एक जरी चूक आली असती तर मी २४०० वर उतरलो असतो, कारण ग्राहकाचा अल्बम सेव्ह होताना बिघडला तर तो खर्च सहाशे रुपयांत मावत नाही.

तेव्हापासून गेल्या आठवड्यापर्यंत सगळं सुरळीत. मग वीज गेली आणि बायॉसचं सेटिंग पुसलं गेलं. विंडोजची तारीखही मागे गेलेली, त्यावरून दोष बोर्डावरच्या सेलचा हे कळलं. सीआर२०३२, चाळीस रुपयांचा. बदलला, आकडे पुन्हा भरले, आणि या वेळी त्या पानाचा फोटो काढून ठेवला. ज्याने हाताने टायमिंग भरल्या आहेत त्याने हा फोटो ठेवावाच. जेडेकच्या वेगावर आपोआप चालणाऱ्या स्टिकला ही गरज नसते.

स्टिकला आता पाचपैकी तीन. वस्तू म्हणून दोष काही नाही, एक्सएमपी मोकळं असलेल्या बोर्डावर मी तिला साडेचार दिले असते.

दिवाळीत भाच्याच्या मशीनला रॅम घ्यायची होती. त्याचाही एच४१०, प्रोसेसर आय३. त्याला आवरणवालीच स्टिक हवी होती. मी दुकानात खोकं उलटं करून व्होल्टेज वाचलं. १.३५ लिहिलं होतं, ते परत दिलं. १.२ व्होल्ट, सीएल २२ वाली साधी हिरवी घेतली. घरी लावली, बायॉस उघडलंही नाही. पॉवरशेलमध्ये तीच ओळ चालवली: २६६६.