शाळेच्या रेडिओची सुरुवात: चारोळी, अभंग की सवाल-जवाब?

परिपाठाआधी शाळेचा रेडिओ लागतो, भोंगा खरखरतो आणि सहावीतली निवेदिका पहिली ओळ म्हणते. ती ओळ रोज तीच, फक्त वार बदलतो. वार ओळीत नीट बसतो का, हे पाहिलं की निवड निम्मी झालीच.

चारोळी. बहुतेक गुरुजी आधी हीच लिहितात. प्रत्येक ओळीत सोळा मात्रा, आठ-आठचे दोन तुकडे:

कौलावरती ऊन उतरले,
शेतावरती बगळे जमले,
सोमवार हा आला दारी,
ऐका आता गंमत सारी!

सोमवारी झकास चालते. 'सोमवार हा' म्हणजे बरोबर आठ मात्रा. बुधवारी मात्र तिसऱ्या ओळीत पोरगी अडखळते. दोष तिचा नाही. सोमवार आणि शुक्रवार सहा मात्रांचे, बुधवार, गुरुवार, शनिवार पाचांचे, मंगळवार सातांचा. एक मात्रा कमी पडली की मूल ती भरायला 'बुधवाऽर' असं ओढतं, आणि जास्त झाली की पुढचं 'आला' गिळतं. उपाय आहे: पाच मात्रांच्या वारांना 'हा' काढून 'पहा' लावा, म्हणजे 'बुधवार पहा आला दारी'. मंगळवारी 'मंगळवारच आला दारी' म्हणावं लागतं, ते जरा ओढूनताणूनच वाटतं. म्हणजे एका चारोळीच्या तीन आवृत्त्या झाल्या, आणि रोज योग्य ती समोर हवी.

अभंग. इथे मात्रा नाही, अक्षरं मोजायची: सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळतं, चौथा मोकळा. नेमका तोच वारासाठी सोयीचा:

उजाडलं रान,
वाजली ही घंटा,
सोडा सारा तंटा,
सोमवार!

सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सगळे चार अक्षरी. यमक सांभाळायचं नाही, आधीची ओळ बदलायची नाही. मंगळवार लिहिताना पाच अक्षरांचा, पण बोलताना आपण 'मंगळ्वार' असंच म्हणतो, त्यामुळे तोही खपून जातो. चरण लहान असल्यानं श्वासही पुरतो. धाप लागली तरी चरणाच्या शेवटी थांबता येतं.

खोड एकच आहे. अभंग म्हटलं की मुलांच्या तोंडी हरिपाठाची संथ चाल येते, आणि सकाळी साडेदहालाच संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. त्यावर आपल्याकडे खंजिरी भजनाची चाल आहेच. टाळीच्या ठेक्यात, प्रत्येक चरणाला दोन टाळ्या धरून, आधी माइकशिवाय चार-पाचदा म्हणून घ्या. टाळी चुकली की चाल संथ झाली हे लगेच कळतं. शेवटचा वार मात्र गाऊ नये. हाक मारल्यासारखा मोकळा म्हणावा, मैदानातून पोरं तो परत ओरडतात.

सवाल-जवाब. दोन निवेदक, वऱ्हाडी बोली:

'काय गा भाऊ, कायची घाई?'
'रेडिओ लागला, ऐकू येत नाई?'

पहिल्या दिवशी हशा हमखास. पण मजा नवेपणाची असते, पंधरवड्यात ओसरते. शिवाय दिवाळीनंतर कापूस वेचणीला एक जण गैरहजर राहिला की दुसऱ्याला दोन्ही आवाज काढावे लागतात. माइक एकच असेल तर तो हातातून हातात जाताना भोंग्यात धडधड येते आणि जवाबाचा पहिला शब्दच जातो. माइक स्टँडवर ठेवून दोघांनी दोन बाजूंनी उभं राहावं, मग ही अडचण येत नाही.

तिन्हींना लागू असं एक. तोंड माइकपासून वीतभर दूर आणि किंचित आडवं हवं. 'भ', 'फ', 'प' यांची हवा सरळ माइकवर आदळली की भोंगा फट्‌कन वाजतो. वरच्या अभंगात ही अक्षरं नाहीत, ती लिहितानाच टाळलेली बरी. चारोळीचा 'पहा' इथेही नडतो.

रोजच्यासाठी अभंग घ्या. सवाल-जवाब शनिवारच्या सकाळच्या शाळेला ठेवा, आठवड्यातून एकदाच आला तर तो शिळा होत नाही. चारोळी ऐकायला सगळ्यात गोड, पण तिच्यात वार घालायचा हट्ट सोडा आणि तिसरी ओळ कायमची बांधा. मग ती पाहुण्यांच्या दिवशी कामी येते.

अभंगाचा पुठ्ठा करताना तीन चरण ठळक अक्षरांत लिहा आणि चौथ्याची जागा कोरी सोडून तिथे चिमट्यानं चिठ्ठी लावा. सहा वारांच्या सहा चिठ्ठ्या झाल्या की काही जास्तीच्या ठेवा. चार अक्षरांचं काहीही तिथे बसतं: 'थंडी आली', 'पेपर हो', आणि श्रावण सरता सरता 'सोडा सारा तंटा, पोळा आला!'