बासरीसाठी घेतलेला कंडेन्सर माईक: उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढल्यावरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरनं माईक 'मॉइश्चर डॅमेज, वॉरंटीत बसत नाही' अशी चिठ्ठी चिकटवून परत पाठवला, दोन्हीकडचं कुरिअर माझ्याच खिशातून, म्हणून आज लिहायला बसलोय. कंपनीचं नाव घालत नाही. मोठ्या डायफ्रामचा, कार्डिओइड, फँटम पॉवरवर चालणारा, दहा हजारांच्या आतबाहेरचा. असे ढीगभर माईक बाजारात आहेत आन सगळ्यांचं दुखणं थोड्याफार फरकानं हेच असतंय, त्यामुळं स्पेक्स उगाळत नाही.

माझा वापर म्हणजे सफेद तीनची लांब बासरी, नांदेडात घरचीच खोली, भिंतीला वाकळा टांगलेल्या, आन माईक जवळ घ्यायचा कारण लांब ठेवला की खोली, पंखा, गल्लीतली गाडी सगळं येतंय.

आधी त्या फोमबद्दल बोलू द्या. बॉक्समध्ये काळी फोमची टोपी येते आन प्रत्येक रिव्ह्यूत लोक लिहितात की फोम लावा, बासरीतला फुंकरीचा आवाज जातो. नाही जात हो! बासरीत श्वासाचे आवाज तीन प्रकारचे असतात आन फोम त्यातल्या एकालाच चालतो. पहिला म्हणजे प्रत्यक्ष हवेचा झोत, फुंकीच्या भोकावरून पुढं निसटलेली हवा डायफ्रामवर आदळली की खाली धबधब आवाज येतो आन लेव्हल मीटर उगाच उडतं. इथं फोम किंवा जाळीचा पॉप फिल्टर खरंच कामाचा. दुसरा म्हणजे सूऽऽ असा सततचा आवाज. हवा भोकाच्या काठावर फुटते तिथंच तो तयार होतो. तो वारा नाहीच, सुरासारखाच आवाज आहे, मग फोममधून सूर येतो तसा तोही येणारच. जाड फोमनं थोडा दबतो पण त्यासोबत बासरीचा वरचा खुलेपणाही दबतो. तिसरा म्हणजे दोन ओळींच्या मधी आपण श्वास ओढतो तो, त्याचा फोमशी काही संबंधच नाही.

सुरुवातीला मी माईक फुंकीच्या भोकासमोर दहा-बारा सेंमीवर ठेवायचो. कार्डिओइड माईक इतका जवळ घेतला की खालचा भाग आपोआप फुगतो, मंद्र सप्तक एकदम भारदस्त वाटतं, हेडफोनवर तर मजा येते. पण भूपच्या आलापात मंद्र पंचमावर थांबलं की सुराइतकीच सूऽऽ ऐकू यायची, कारण खालच्या सुरांना फुंकर सैल असते आन सूर मऊ, त्यामुळं तो आवाज झाकला जात नाही. तार सप्तकात गेलं की उलट, सूऽऽ हरवते पण सूर कानात टोचतो. त्यामुळं पहिले काही महिने ह्या माईकला माझ्याकडून दोनच स्टार होते.

मग जागा बदलली आन मतही बदललं. बासरीचा सूर दोन ठिकाणांहून बाहेर पडतो, फुंकीच्या भोकातून आन बोटांकडच्या पहिल्या उघड्या भोकातून. सूऽऽ मात्र बहुतेक तोंडापाशीच असते. म्हणजे माईक तोंडापासून बोटांकडं सरकवला की सूर फारसा कमी होत नाही, सूऽऽ कमी होते. आता माझा माईक साधारण ३० सेंमीवर, कपाळाच्या उंचीला, वरून खाली बघतोय आन रोख फुंकीचं भोक आन पहिलं बोट यांच्या मधी, किंचित बोटांच्या बाजूला. झोत समोर आन खाली जातो, माईक वर असल्यावर तो लागतच नाही, फोम काढून टाकला तरी चालतं. पण अजून पुढं, पार टोकाकडं नेऊ नका. तिथं बोटांची टकटक येते आन प्रत्येक सुराची लेव्हल वेगळी पडते, कारण उघडं भोक दर सुराला बदलतंय आन सहाही बंद असली की आवाज शेवटच्या टोकातून निघतो. सरगम वाजवून ऐका, एखादाच सूर उडी मारून पुढं आला तर समजायचं जास्त सरकलं.

टोचण्याचं बघा. स्वस्त कंडेन्सरला वरती, ८ ते १२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, चमक मुद्दाम वाढवलेली असते, गाण्याचे शब्द स्पष्ट यावेत म्हणून. बासरीत ती चमक फक्त सूऽऽला धार लावते. माईक आपल्या बाजूनं तीसेक अंश तिरपा केला की ती बरीच उतरते, इक्वलायझरला हात लावायची गरज नाही. पण तार पंचमाचं टोचणं वेगळं. सफेद तीनला तो साधारण ९८८ हर्ट्झ, म्हणजे त्याचे वरचे हार्मोनिक २ आन ३ किलोहर्ट्झच्या जवळ येतात आन नेमकं तिथंच आपल्या कानाला जास्त ऐकू येतं. हे माईकचं पाप नाही.

त्यासाठी तीन किलोहर्ट्झ कायमचं कापलं तर मध्य सप्तक कांबळ्याखाली गेल्यासारखं वाटतं. मी गाण्याचा 'स' कमी करणारा डी-एसरच वापरतो, फक्त खाली आणून, ३ किलोहर्ट्झच्या आसपास. थ्रेशोल्ड असा लावायचा की मध्य सप्तकात मीटर हलूच नये आन तार पंचमावर तीन-चार डीबी खाली यावं. त्याहून जास्त ओढला तर सूर डगमगल्यासारखा ऐकू येतो. खाली १५० हर्ट्झचा हाय-पास बिनधास्त लावा, मंद्र पंचमच २४७ ला आहे, त्याच्या खाली बासरीचं काहीच नाही.

नॉइज रिडक्शनचं बटण मात्र बासरीवर दाबू नका. ती सूऽऽ सुरासोबतच वाढते-घटते, सॉफ्टवेअर ती काढायला गेलं की सूर पाण्यातून आल्यासारखा गुळगुळ करतो. ओढलेले श्वास हातानंच सहा-आठ डीबी खाली घ्यायचे, पार म्यूट केले तर तिथं खड्डा पडल्यासारखं वाटतं.

आता परत त्या मॉइश्चरवर. एप्रिल-मे मधी आमच्या इकडं कूलरशिवाय बसणं होत नाही. रेकॉर्डिंगच्या टायमाला बंद केला तरी खोलीत त्याचा दमटपणा राहतोच, पुढं पावसाळा, वरून बासरीवाल्याचा ओला श्वास. कंडेन्सरच्या कॅप्सूलला ओल लागली की चार्ज गळतो आन कडकड-फटफट सुरू होते, माझं तेच झालं. चिठ्ठी लावणाऱ्यांनी निदान वाळवून तरी बघायचं! मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून माईक ठेवला, काही दिवसांत कडकड बंद. उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर धरू नका, डायफ्राम फार पातळ असतो. आता काम झालं की फँटम बंद, माईक डब्यात. पुड्यांना चहाच्या कपापेक्षा कमी पैसे लागले, कुरिअरला त्याच्या कितीतरी पट, हे राहून राहून डोक्यात जातंय.

माईकला आता साडेतीन स्टार, सर्व्हिसला शून्य, फोमला त्याहून कमी. छोटी बासरी वाजवणाऱ्यांनी आकडे वर सरकवून घ्या. सफेद सहाची असेल तर डी-एसर ४ किलोहर्ट्झच्या जवळ आन हाय-पास २०० वर, आन माईक अजून हातभर लांब, कारण तिचा तार सप्तक ह्याहून जास्त टोचतो.