साडेएक्केचाळीस गुंठ्यांत केशरची त्रिकोणी लागवड: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

पन्हाळा तालुक्यातील आमच्या मुरमाड माळावर केशर आंब्याची ५ मीटर अंतराची घन लागवड त्रिकोणी पद्धतीने करून आता दोन पावसाळे उलटले आहेत. आंतरपीक, ठिबक, कोळपणी आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावणे ही सर्व कामे या आखणीत प्रत्यक्ष करून झाली असल्यामुळे, चौरस पद्धतीच्या तुलनेत तिच्यात नेमकी किती झाडे जास्त बसतात आणि त्या वाढीव झाडांसाठी काय सोडावे लागते, हे सविस्तर लिहीत आहे. फळाविषयी लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही.

त्रिकोणी लागवडीत चौरसापेक्षा १५ टक्के झाडे जास्त बसतात, असे सर्रास सांगितले जाते. या आकड्यामागचे गणित बरोबर आहे. चौरसात ५ मीटर अंतराने प्रत्येक झाडाच्या वाट्याला २५ चौरस मीटर जमीन येते. समभुज त्रिकोणात दोन झाडांमधील अंतर ५ मीटरच राहते, पण दोन ओळींमधील अंतर ५ ऐवजी ५ गुणिले ०.८६६, म्हणजे ४.३३ मीटर होते, आणि एका झाडाला २१.६५ चौरस मीटर जमीन लागते. २५ ला २१.६५ ने भागले की १.१५५ येतात. मात्र हा हिशेब बांध नसलेल्या, अमर्याद पसरलेल्या जमिनीचा आहे. आपल्या शेताला चार बांध असतात आणि झाडांची खरी संख्या त्या बांधांपाशी ठरते.

आमचा तुकडा पूर्व-पश्चिम ७० मीटर आणि उत्तर-दक्षिण ६० मीटर, म्हणजे ४२०० चौरस मीटर आहे. प्रत्येक बांधापासून २.५ मीटर जागा सोडली की पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत एका बाजूने ६५ आणि दुसऱ्या बाजूने ५५ मीटर उरतात. चौरस पद्धतीत एका दिशेने १४ आणि दुसऱ्या दिशेने १२ झाडे येतात, म्हणजे एकूण १६८. यात १५ टक्के मिळवले तर १९४ झाडे व्हायला हवीत, आणि रोपांची मागणी नोंदवताना आम्हाला हाच आकडा सुचवण्यात आला होता. मागणी देण्यापूर्वी कागदावर एकेक ओळ मांडून पाहिली, तेव्हा चित्र वेगळे निघाले.

ओळी पूर्व-पश्चिम, म्हणजे लांब बाजूने धरल्या, तर ५५ मीटर रुंदीत ४.३३ मीटरची १२ अंतरे, म्हणजे १३ ओळी बसतात आणि तीन मीटरपेक्षा थोडी जास्त पट्टी नुसती शिल्लक राहते. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम ओळींत १४ झाडे येतात, पण सम ओळी अर्ध्या अंतराने सरकलेल्या असल्यामुळे त्यांत १३ च बसतात. सात ओळींची ९८ आणि सहा ओळींची ७८ मिळून १७६ झाडे होतात. चौरसापेक्षा फक्त ८ जास्त, म्हणजे पाच टक्केही वाढ नाही.

त्याच तुकड्यात ओळी उत्तर-दक्षिण धरल्या, की ६५ मीटरमध्ये ४.३३ ची १५ अंतरे जवळजवळ काठोकाठ बसतात, कारण त्यांची बेरीज ६४.९५ मीटर होते. ओळी १६ झाल्या. आठ ओळींत १२ आणि आठ ओळींत ११ झाडे, म्हणजे एकूण १८४. वाढ १६ झाडांची, साडेनऊ टक्के. जमीन तीच, अंतर तेच, केवळ ओळींची दिशा बदलल्याने आठ झाडांचा फरक पडला. माझ्या मते या पद्धतीविषयी सर्वांत उपयोगी माहिती हीच आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. लागवडीपूर्वी दोन्ही दिशांनी ओळी मोजून पाहाव्यात आणि ज्या दिशेला ४.३३ मीटरची अंतरे कमीत कमी शिल्लक ठेवून बसतात, तिला आडव्या ओळी घ्याव्यात. उत्तर-दक्षिण ओळींना दोन्ही बाजूंनी ऊन चांगले मिळते, त्यामुळे आमच्या बाबतीत निर्णय अधिकच सोपा झाला.

सम ओळींतील एकेक झाड वाचवण्याचाही मार्ग आहे. विषम ओळ उत्तर बांधापासून १.२५ मीटरवर आणि सम ओळ ३.७५ मीटरवर सुरू केली, तर प्रत्येक ओळीत १२ झाडे बसतात आणि एकूण संख्या १९२ वर जाते. आम्ही हा मार्ग घेतला नाही. असे केल्यास आठ झाडे दक्षिणेच्या बांधापासून अवघ्या सव्वा मीटरवर येतात आणि त्या बांधापलीकडे ऊस आहे. ऊसतोडीनंतर तिकडे पाचट पेटवले जाते, त्याची झळ इतक्या जवळच्या झाडांना लागल्याशिवाय राहत नाही. शिवाय झाड मोठे झाल्यावर अर्धा घेर बांधाबाहेर जाणार आणि भाऊबंदकीत नवा विषय निघणार. ज्यांच्या दोन्ही टोकांना स्वतःचीच जमीन किंवा रस्ता आहे, त्यांनी मात्र हा पर्याय जरूर वापरावा.

याउलट एक आराखडा पूर्ण टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. एका सल्लागारांनी आम्हाला दिलेल्या कागदावर एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवलेली होती, परंतु दोन ओळींमधील अंतर ५ मीटरच ठेवले होते. दिसायला ती त्रिकोणी लागवडच आहे, मात्र तो त्रिकोण समभुज नाही. शेजारच्या ओळीतील झाड ५ मीटरऐवजी सुमारे ५.५९ मीटरवर जाते, ओळी १४ च राहतात आणि सात ओळींतील एकेक झाड कमी होऊन आमच्या तुकड्यात १६१ झाडे आली असती, म्हणजे चौरसापेक्षाही सात कमी. आराखडा हातात आला की प्रथम ओळींमधील अंतर पाहावे. ते झाडांमधील अंतराच्या ०.८६६ पट नसेल, तर संख्या वाढण्याचा प्रश्नच येत नाही.

आखणी करताना चौरसापेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते. दोन खुंट्यांना ५ मीटरच्या दोन दोऱ्या बांधून त्या जिथे मिळतात तिथे पुढच्या ओळीची खुंटी ठोकायची, ही पद्धत दोन-तीन ओळींपुरती ठीक आहे. नायलॉनची दोरी ताणली जाते, आणि प्रत्येक वेळी ती फक्त ५ सेंटिमीटर जास्त ताणली गेली, तरी सोळाव्या ओळीपर्यंत ही चूक साठत जाऊन शेवटची ओळ सुमारे ८७ सेंटिमीटर बांधाकडे सरकते. म्हणून आम्ही आधी ३, ४ आणि ५ मीटरच्या त्रिकोणाने कोपरे गुण्यात घेतले आणि उत्तर व दक्षिण बांधांलगत दोन समांतर रेषा आखल्या. त्यांवर टेप एकाच टोकाला धरून ४.३३, ८.६६, १२.९९ अशा खुणा केल्या. प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासून न मोजता आरंभापासून मोजल्यामुळे चूक साठत नाही. चारही कोपरे बरोबर आहेत की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजले. आमच्या मापांना कर्ण ८५.११ मीटर यायला हवा आणि दोन्ही सारखे यायला हवेत.

नंतर एक लोखंडी तार घेऊन तिच्यावर दर ५ मीटरला लाल आणि त्यांच्या बरोबर मध्ये पांढरी खूण केली. तार समोरासमोरच्या खुणांवर ताणायची, विषम ओळीत लाल खुणांखाली आणि सम ओळीत पांढऱ्या खुणांखाली फक्की टाकायची, इतकेच काम उरते. खड्डे काढण्यापूर्वी कोणत्याही एका खुंटीपाशी उभे राहून पाहावे. ओळीच्या दिशेने आणि तिच्याशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या दोन तिरप्या दिशांनी खुंट्या सरळ रेषेत दिसल्या, तर आखणी बरोबर आहे. एखादी तिरपी रेष मध्येच वाकली असेल, तर त्या ओळीची सुरुवात चुकलेली असते.

पहिल्या उन्हाळ्यात काही रोपे मेली. खुणा पुसल्या गेल्या असल्या तरी जागा सापडायला त्रास झाला नाही, कारण शेजारच्या दोन जिवंत झाडांपासून ५-५ मीटरवर जो बिंदू येतो तीच जागा असते.

ठिबकच्या नळ्या थोड्या जास्त लागतात. ओळी त्याच दिशेने धरून चौरसात ५५ मीटरच्या १४ नळ्या, म्हणजे ७७० मीटर पुरल्या असत्या. इथे १६ ओळींसाठी ८८० मीटर लागल्या. खड्डे, शेणखत, रोपे आणि पाणी मात्र झाडांच्या संख्येप्रमाणे साडेनऊ टक्क्यांनीच वाढले.

खरी अडचण मशागतीची आहे. चौरस बागेत एकमेकांना काटकोनात दोन्ही दिशांनी ५ मीटरच्या पट्ट्या मिळतात, त्यामुळे उभी-आडवी कोळपणी सहज होते. त्रिकोणी बागेत ओळीला काटकोनात जायचे म्हटले, तर झाडांमधून फक्त अडीच मीटरची वाट उरते. आज रोपे लहान असल्यामुळे तिथून छोटा ट्रॅक्टर जातो, पण घेर वाढला की ती वाट बंद होणार आहे. पुढे तिरप्या दिशेनेच जावे लागेल. तिरप्या पट्ट्या ओळींमधील पट्टीइतक्याच, ४.३३ मीटरच्या असतात, मात्र बांधापाशी ट्रॅक्टर वळवताना अवघड जाते आणि कोपरे हातानेच भांगलावे लागतात.

सोयाबीनच्या आंतरपिकाने मात्र मला सुखद धक्का दिला. झाडांच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर जागा सोडून ४५ सेंटिमीटर अंतराने पेरल्यास चौरसातील एका पट्टीत सात ओळी बसतात, इथे सहाच. आमच्याकडील सात फणी पेरणी यंत्राचा एक फण बंद करून पेरावे लागले. पण पट्ट्याच १३ ऐवजी १५ असल्यामुळे सोयाबीनच्या एकूण ओळी ९१ ऐवजी ९० झाल्या, म्हणजे काहीच कमी झाले नाही. हे सुख फार वर्षे टिकणार नाही हेही खरे, कारण ५ मीटर घेराची झाडे एकमेकांना टेकली की चौरसात सुमारे ७८ टक्के जमीन सावलीखाली जाते आणि त्रिकोणात सुमारे ९१ टक्के. त्यामुळे काढणीनंतरची छाटणी या बागेत एक वर्षही चुकवून चालणार नाही.

आमच्या चुलत्यांचा शेजारचा तुकडा ७० मीटर लांब, पण वाटण्या होऊन २० मीटर रुंदीचा राहिलेला आहे. त्यांनाही अशीच लागवड करायची होती, म्हणून त्याचाही हिशेब करून पाहिला. चौरसात ५६ झाडे, त्रिकोणात लांब बाजूने ओळी घेतल्या तर ५४ आणि रुंदीच्या बाजूने घेतल्या तर पुन्हा ५६. पट्टी इतकी अरुंद असली की सम ओळीत जाणारे एकेक झाड सगळी वाढ खाऊन टाकते. त्यांनी तिथे चौरस लागवड केली आणि ती मला योग्य वाटते.