स्पंज की अमृततुल्यचं बाकडं? तीन मिनिटांच्या टॉकसाठी कोणती उपमा घ्यायची

आमच्या लॅबमधल्या ज्युनिअरला थ्री मिनिट थीसिसच्या धर्तीवरच्या स्पर्धेत बोलायचंय, म्हणजे एकच स्थिर स्लाइड, हातात कुठली वस्तू नाही आणि १८० सेकंदांच्या वर गेलात की बाद. तिचं काम मॉफवर आहे, म्हणजे धातूचे सांधे आणि कार्बनी दांड्या जोडून बनलेली, आत पोकळ्याच पोकळ्या असलेली पावडर. कोळशाच्या धुरात साधारण १२ ते १५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन, आणि तिला त्यातला कार्बन डायऑक्साइड तेवढा पकडायचाय. पहिल्या ड्राफ्टमध्ये तिने स्पंज घेतला होता.

स्पंजचा फायदा खराच आहे, पाच सेकंदांत सगळ्यांना कळतो. तुमचं काम फक्त "माझ्या पावडरीत जास्त गॅस मावतो" एवढंच असेल तर बिनधास्त स्पंज घ्या. पण हिचा खरा प्रॉब्लेम आहे धुरातली वाफ, पाण्याचे रेणू आधी जागा अडवतात आणि कार्बन डायऑक्साइडला थारा मिळत नाही. आणि स्पंज म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात पाणीच येतं! म्हणजे जो व्हिलन, तोच उपमेत हिरो होऊन बसतो. शिवाय स्पंज पिळतात, मॉफ तापवावा लागतो किंवा दाब कमी करावा लागतो.

गाळणीचाही विचार झाला, पण कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे रेणू आकाराने जवळपास सारखेच, ३.३ आणि ३.६ अँगस्ट्रॉम, तिच्या मॉफमध्ये निवड होते ती ओढीने, भोकाच्या मापाने नाही. म्हणून गाळणी बाद.

मग अमृततुल्यचं बाकडं. रस्त्यावरून शंभर जण जातायत, बहुतेकांना चहा नकोय, ते नायट्रोजन, ते क्षणभर टेकतात नि निघतात. चहाची ओढ असलेले बारा-पंधरा जण येऊन निवांत बसतात, तो कार्बन डायऑक्साइड. तेवढ्यात पाऊस येतो आणि आडोशाला आलेले लोक सगळी बाकडी भरून टाकतात, ती वाफ. हिचं संशोधन म्हणजे पावसातही चहाची ओढ असलेल्यांनाच जागा देणारं बाकडं बनवणं. शेवटी बाकडी उचलायची वेळ झाली की सगळे उठतात, ते तापवणं, आणि त्याला एनर्जी लागते, हे तिने सांगायलाच हवं.

तोटा असा की चित्र उभं करायला वीसेक सेकंद जातात, आणि कुणी समजेल की चहा पिऊन माणूस बदलतो तसा रेणूही बदलतो. इथे तसं होत नाही, तो जसा बसला तसाच उठतो, एवढं एक वाक्य टाकायचं.

माझं मत बाकड्याला. फक्त एकदा बाकडं घेतलं की मध्येच "पिंजरा", "चुंबक" असलं काही आणायचं नाही, तिच्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये चौथ्याच ओळीत चुंबक आला होता आणि तिथेच तिच्या आईने विचारलं, मग चहावाला कुठे गेला?