दिलगिरीचे दोन मसुदे

८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीचे मोबाइल आणि इंटरनेट पहाटेच एकदम बंद पडले, आणि अनेक ग्राहकांना ९११ हा आपत्कालीन क्रमांकही लागेना. त्या घटनेवर बेतलेले, मी स्वतः लिहिलेले दोन मसुदे येथे शेजारी ठेवतो.

पहिला: “काही तांत्रिक कारणांमुळे सेवेत व्यत्यय आला. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

दुसरा: “मध्यवर्ती नेटवर्क अद्ययावत करताना आम्ही राउटरमधील एक फिल्टर काढून टाकला, त्यामुळे डेटा कोणत्या मार्गाने पाठवायचा याच्या माहितीचा लोंढा येऊन राउटर बंद पडले. चूक आमची आहे. पाच दिवसांचे शुल्क बिलातून आपोआप वजा होईल. अर्ज करावा लागणार नाही. मोबाइल आणि इंटरनेटची मध्यवर्ती नेटवर्क आम्ही वेगळी करत आहोत.”

पहिल्या मसुद्यात व्यत्यय जणू आपणहून ‘आला’, तर दुसऱ्यात ‘आम्ही काढून टाकला’ असा कर्ता उभा राहतो. रुग्णवाहिका बोलावू न शकलेल्या माणसाला ‘गैरसोय’ हा शब्द तर मला अपमानास्पदच वाटतो, म्हणून दुसऱ्या मसुद्यातही ९११चा स्वतंत्र उल्लेख हवाच. मात्र पहिल्या काही तासांत कारण सापडलेले नसते. तेव्हा तसे स्पष्ट सांगून पुढची माहिती किती वाजता देणार, तेवढे लिहावे.