ऑफर लेटरच्या फोटोत अंगठ्याखाली लपलेल्या ओळी

शिरोली एमआयडीसीत मी सीएनसी चालवायचो, ओव्हरटाइम धरून महिन्याला बावीस हजार पडायचे. शारजातल्या एका वर्कशॉपचं ऑफर लेटर एजंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलं, तेही टेबलावर ठेवून काढलेल्या फोटोत. खाली ठळक अक्षरात एकूण 2200 दिरहम होतं. "भावा, आकडा बघ की! पन्नास हजार झाले," असं तो म्हणाला आणि मी 85 हजार भरले.

पहिली पगाराची स्लिप हातात आली तेव्हा त्या रात्री खोलीवर तो फोटो मोठा करून पुन्हा बघितला. बेसिक 800, राहणं 500, जेवण 300, ठरलेला ओव्हरटाइम 600, म्हणजे बेरीज बरोबर होती. पण बेरजेच्या खालच्या ओळींवर फोटो काढणाऱ्याचा अंगठा होता. खोली आणि मेस कंपनीचीच, म्हणून राहण्या-जेवणाचे ते 800 परत कापले जात होते. वर व्हिसा खर्चाचे दरमहा 150. हातात आले 1250, म्हणजे दिरहमला 23 रुपये धरले तर पावणेएकोणतीस हजार. त्यासाठी रोज बारा तास उभं राहायचं.

व्हिसा आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला तिथल्या कायद्यात मनाई आहे, हे मला नंतर कळलं. बेसिक कमी का ठेवतात, तेही तेव्हाच उमगलं. ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांची. 800 वर ती वर्षाला 560 होते, पूर्ण 2200 बेसिक असतं तर 1540 झाली असती. नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसेही बेसिकवरच मोजतात. म्हणून एकूण आकड्याआधी बेसिक बघा.

रजेचं पान तर फोटोत नव्हतंच. वर्षानंतर बहिणीच्या लग्नाला यायचं म्हणून रजा मागितली, तर चोवीस महिन्यांनी मिळेल असं पान पुढं केलं. कायद्यानं वर्षाला 30 दिवस असतात, पण मी तिथं पोहोचल्यावर त्या पानावर सही करून बसलो होतो. लग्न मी मोबाइलवर बघितलं.

खरं ऑफर लेटर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात असतं, कंपनीच्या लेटरहेडवर नव्हे. त्यावरच्या क्रमांकावरून ते मंत्रालयाच्या साइटवर तपासता येतं. एजंट नोंदणीकृत आहे का ते emigrate.gov.in वर दिसतं. त्याला 30 हजार आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या एजंटचं नाव त्या यादीत नव्हतंच.

गेल्या आठवड्यात चुलतभावाला असाच एक फोटो आला, कोपरा कापलेला. त्याला म्हटलं, सगळी पानं सपाट ठेवून स्कॅन कर म्हणून सांग त्याला. चार दिवस झाले, एजंटचं उत्तर नाही.